दरवाजा, गर्दी आणि एकवीस फोटो

सिंदखेडराजा, जिल्हा बुलडाणा. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, इथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी दरवाजाचा दगड क्षणभरही मोकळा दिसत नाही, म्हणून अनेक फोटो एकत्र करून गर्दी पुसायची आपली युक्ती चालत नाही. आम्ही दोन दिवसांनी आलो. शाळांच्या सहली होत्या, पण माणसं थांबत नव्हती, पुढे सरकत होती.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं हातानं ठरवून तसंच ठेवलं. कॅमेऱ्यावर सोडलं तर पांढरा गणवेश समोर येताच तो फोटो काळवंडतो. मग दर पंचवीस सेकंदांनी एक, असे एकवीस फोटो घेतले. नऊ मिनिटांच्या आत काम उरकलं, कारण ऊन सरकलं की सावलीची कडा फोटोगणिक हलते.

आता दरवाजाच्या दगडावरचा एकच ठिपका बघा. समजायला सोपं जावं म्हणून सातच फोटो धरू. त्याचा उजेड असा नोंदला गेला: ११२, ११३, २२८, १११, ११४, २३१, ११२. दोनदा पांढरी टोपी आडवी आली. सरासरी काढली तर १४६ येते, म्हणजे दगडावर टोपीचं भूत उरतं. पण आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचलला तर ११३. दगडच. हाच मध्यक. संगणकावरचा ImageMagick हा प्रोग्रॅम तो प्रत्येक ठिपक्यासाठी काढतो:

```
magick *.jpg -evaluate-sequence median darwaja.jpg
```

अट एकच: तो ठिपका निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळा दिसायला हवा.

वरची कमान, भिंती स्वच्छ आल्या. दरवाजाच्या तोंडाशी मात्र करड्या रंगाचा चिखल झाला, त्यात कुठं चपला, कुठं दप्तराचा पट्टा. आत जाणारी रांग सगळी तिथूनच जात होती, एकवीसपैकी चौदा फोटोंत. फोटो मोठा करून पाहिलं की जमिनीलगत ही खूण लगेच सापडते. मग रांग तुटलेले पाच फोटो निवडले, त्यांचाच मध्यक काढला आणि तेवढा तुकडा मास्क लावून मूळ चित्रावर बसवला. बाजूच्या झाडाची पानं वाऱ्यानं पुसट झाली होती, ती एकाच फोटोतून घेतली.

कडेला हार विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. एकवीसही फोटोंत त्याच जागी. मध्यकाच्या हिशेबानं त्या वाड्याचाच भाग. त्यांना पुसायचं मला पटलं नाही, तशाच ठेवल्या. लुगड्याची घडी, समोरची परडी, सगळं ठसठशीत आहे. फक्त फुलं ओवणारी बोटं तेवढी धूसर आलीत.