काट्याच्या पाटीवरचा e

[दृश्य: सराफी पेढी. काचेच्या डबीतला काटा. पारड्यात मंगळसूत्राची वाटी-साखळी. आकडा स्थिरावतो.]

चोवीस ग्रॅम, सदतीस. म्हणजे २४.३७. गिऱ्हाइकाची नजर या आकड्यावर, सराफाचं बोट कॅल्क्युलेटरवर. या काट्याला किती चुकायची मुभा आहे, हे मात्र पडद्यावर कुठेच दिसत नाही. ते लिहिलेलं असतं बाजूच्या छोट्या पाटीवर.

[दृश्य: पाटी, अगदी जवळून.]

Max म्हणजे जास्तीत जास्त वजन, Min म्हणजे कमीत कमी. आणि हा e. काट्याची सरकारी पडताळणी होते ती या e च्या मापाने. सराफांकडच्या काट्यांवर बहुधा रोमन दोनचा आकडा असतो, म्हणजे दुसरा वर्ग. या वर्गात e च्या पाच हजार पटीपर्यंतच्या वजनाला, पडताळणीच्या दिवशी अर्ध्या e इतकी चूक चालते. नंतर रोजच्या वापरात तिच्या दुप्पट, म्हणजे एक e. वजन त्याहून वाढलं की मुभाही वाढते.

इथे e आहे ०.०१ ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून भाव ग्रॅमला दहा हजार धरू. काटा नियमात राहूनही शंभर रुपये इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो. अडीच लाखांच्या दागिन्यात शंभर रुपये. त्यावरून कोणी भांडू नये.

[दृश्य: दुसरा काटा. पडद्यावर तसेच दोन दशांश. पाटीवर e = 0.1 g.]

आता हा दुसरा काटा. हाही दोन दशांश दाखवतो, पण पाटीवर e आहे ०.१ ग्रॅम. शेवटचा आकडा दिसतो खरा, पण मुभा दहापट मोठी. तेच मंगळसूत्र, तोच भाव, आणि आता प्रश्न हजार रुपयांचा. पडदा पाहून हा फरक कळणारच नाही.

[दृश्य: चिमट्यात धरलेली चमकी.]

खरी गंमत बारीक दागिन्यात आहे. मुभा ग्रॅममध्ये ठरलेली असते, टक्क्यांत नाही. ही चमकी ०.१८ ग्रॅमची, किंमत अठराशे रुपये. पहिल्या, चांगल्या काट्यावरसुद्धा शंभर रुपयांची मुभा इथे पाच टक्क्यांच्या वर जाते. शिवाय त्या काट्याचं Min आहे ०.२ ग्रॅम, म्हणजे ही चमकी त्यावर तोलायचीच नाही. अशा वेळी मिलिग्रॅमचा e असलेला काटा मागावा. पेढीत नसेल, तर चमकी नगावर, ठरलेल्या किमतीला घेतलेली बरी.

[दृश्य: काट्याचा पाण्याचा बुडबुडा. डोक्यावर पंखा.]

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आहे का, ते पाहायचं. काचेची झाकणं बंद हवीत. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा नाचतो. पारडं रिकामं असताना शून्य दिसलं पाहिजे. दागिना उचलल्यावर पुन्हा शून्यच यायला हवं. उणे आकडा आला, तर बहुधा शून्य करताना पारड्यावर काहीतरी होतं. ट्रे किंवा डबी असेल, तर त्यात लबाडी नाही, पण काय होतं ते विचारायचं. अधिक आकडा राहिला, तर काट्याचं शून्य सरकलंय. पुन्हा शून्य करून पुन्हा तोलायला सांगायचं.

मग तोच दागिना पारड्याच्या मध्यावर आणि चारही कडांना ठेवून बघा. आकडा एका e पेक्षा जास्त हलला, तर तो काटा नको. इतक्या हलक्या वजनात कडेचा दोष लपूही शकतो, म्हणून पेढीकडचं पडताळलेलं वजन मागा. पहिल्या काट्यावर पन्नास ग्रॅमचं वजन ४९.९९ ते ५०.०१ च्या आत दिसायला हवं. नाण्याने हे काम होत नाही, नाणी झिजतात.

[दृश्य: भिंतीवरचं पडताळणी प्रमाणपत्र. काट्याचं सील.]

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी होते. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असतं. त्यावरचा यंत्र क्रमांक समोरच्याच काट्याचा आहे ना, हे जुळवायला विसरू नका. पेढीत काटे दोन-तीन असतात.

[दृश्य: साखळीला दोऱ्याने बांधलेलं लेबल. कात्रीने कापतात.]

आणि हे लेबल. काटा निर्दोष असला, तरी लेबल, दोरा, प्लास्टिकची पिशवी सोन्याच्या भावाने तोलली गेली, तर e ची सगळी चर्चा वाया. काढूनच तोलायचं. खड्यांचं आणि काळ्या मण्यांचं वजन वेगळं काढून बिलावर निव्वळ सोन्याचं वजन लिहून घ्यायचं.

मोड देणार असाल, तर ती नव्या दागिन्याच्याच काट्यावर तोलायला सांगा. काटा थोडा जास्त दाखवत असेल, तर नव्यात गेलेलं मोडीत बरंचसं परत येतं. मोड आतल्या खोलीत, दुसऱ्या काट्यावर तोलली, तर तो हिशेब जुळत नाही.