ऑगस्टमधलं सोयाबीन आणि मध्यकाची मर्यादा

सेंटिनेल-२चे दोन उपग्रह मिळून आपल्या शेतावरून साधारण दर पाच दिवसांनी जातात. म्हणजे ऑगस्टमध्ये सहा फोटो. पण लातूरकडच्या सोयाबीनसाठी हा महिना खूप ढगाळ असतो, आणि शेंगा धरण्याचा काळही तोच. महिन्याभराच्या फोटोंतून प्रत्येक पिक्सेलचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेऊन एकच नकाशा करतात. त्यामुळे मिळेल तो स्वच्छ पिक्सेल जपावा लागतो.

पहिली गडबड इथेच होते. बरेच जण वीस टक्क्यांहून जास्त ढग असलेला फोटो सरळ टाकून देतात. ती टक्केवारी असते सुमारे ११० किलोमीटर रुंदीच्या अख्ख्या चौकोनाची. सत्तर टक्के ढगाळ चौकोनातही तुमचं शेत उघडं असू शकतं. म्हणून गाळणी फोटोला नको, पिक्सेलला लावा.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. ऑगस्टमधल्या सहा तारखांना एका पिक्सेलचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, असा आला: ०.०८, ०.६२, ०.११, ०.३५, ०.१४, ०.७८. चढत्या क्रमाने लावून मधल्या दोन आकड्यांची सरासरी काढली की मध्यक येतो ०.२५च्या आसपास. नकाशा सांगेल, पीक गेलं! प्रत्यक्षात ०.०८, ०.११ आणि ०.१४ हे तिन्ही ढगांचे आकडे आहेत. निम्म्याहून कमी आकडे खराब असतील तरच मध्यक त्यांना बाजूला सारतो. पावसाळ्यात नेमकं उलट असतं. म्हणून मास्क, म्हणजे ढगाळ पिक्सेल झाकून वगळणं, आधी; मध्यक नंतर.

ते तीन काढले की मध्यक ०.६२. पण ०.३५ अजून आत आहे, आणि ती ढगाची सावली आहे. सावली जास्त फसवी. ढग पांढरा दिसतो, सावलीतलं शेत मात्र ताण पडलेल्या पिकासारखं दिसतं. फोटोसोबत `SCL` नावाचा थर येतो, तो प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे ते सांगतो. त्यात सावलीचा वर्ग ३ आणि ढगांचे ८, ९, १० असतात, पण कडा बऱ्याचदा सुटतात. मास्क चहूबाजूंनी काही पिक्सेल वाढवून घ्या. थोडी चांगली जमीन जाईल, जाऊ द्या. सावलीही गेली की उरतात ०.६२ आणि ०.७८, मध्यक ०.७०.

हे ०.७० कुठल्या तारखेचं? कुठल्याच नाही. पहिला आकडा महिन्याच्या सुरुवातीचा, दुसरा अखेरचा, आणि दरम्यान पीक वाढलेलं. शेजारच्या शेताचा मध्यक फक्त अखेरच्या तारखेवरून आला असेल, तर दोन सारखी शेतं नकाशावर वेगळी दिसतील. म्हणून मध्यकासोबत प्रत्येक पिक्सेलला किती स्वच्छ तारखा मिळाल्या, त्याचा वेगळा थर काढाच. शेताच्या मधोमध सरळ किंवा गोलसर कड दिसली आणि तारखांच्या थरातही तीच कड असली, तर ती पिकाची नव्हे, मास्कची आहे.

आणि जिथे तारखा शून्य, तिथे नकाशा कोरा ठेवा. जुलैचा आकडा ओढून भरू नका. तिथे सेंटिनेल-१चं रडार पाहा. ते ढगांतून आरपार बघतं, मात्र हिरवेपणा मोजत नाही.