रात्रपाळीची गोळी मेंदूत काय करते

(भुसावळ येथे रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. भुसावळ हे रात्री जागणारं गाव आहे. जंक्शन आहे, दीपनगरचं वीजकेंद्र आहे, आयुधनिर्माणी आहे, दवाखाने आहेत. सावदा-रावेरकडून केळी भरून निघणारे ट्रकही रात्रीच हायवेला लागतात. त्यामुळे माझ्याकडे येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, ती जागं ठेवणारी गोळी घेऊ का?" ही गोळी म्हणजे मोडाफिनिल. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "ती नशेची गोळी तर नाही ना?" या दुसऱ्या प्रश्नातली भीती ॲम्फेटामिन या तीव्र उत्तेजक औषधाची असते. आज मी या दोन औषधांतला फरक सांगणार आहे. तो कळला की मोडाफिनिल कुठवर साथ देतं हेही आपोआप कळेल.

सुरुवात डोपामिनपासून करू. मेंदूतल्या काही पेशी उत्तेजित झाल्या की डोपामिन हे रसायन बाहेर सोडतात. ते शेजारच्या पेशीवर जाऊन काम करतं. जागं राहणं, हुरूप येणं, एखाद्या गोष्टीमागे लागणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. काम झालं की ते तिथेच पडून राहत नाही. सोडणाऱ्या पेशीच्याच अंगावर एक प्रथिन असतं, डोपामिन ट्रान्सपोर्टर. ते डोपामिन परत आत ओढून घेतं. शेतात साचलेलं पाणी उपसून पुन्हा टाकीत टाकणारी मोटार असते ना, तसं समजा.

मोडाफिनिल या मोटारीच्या तोंडाशी जाऊन बसतं आणि तिचा ओढा कमी करतं. पेशीने सोडलेलं डोपामिन त्यामुळे थोडा जास्त वेळ बाहेर राहतं. बरीच वर्षं असं मानलं जायचं की या औषधाचा डोपामिनशी फारसा संबंध नाही. मग २००१ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जन्मतः हा ट्रान्सपोर्टरच नसलेल्या उंदरांना मोडाफिनिल दिलं, तर त्यांच्या जागेपणात काही फरक पडला नाही. मोटारच नाही, तर अडवायचं काय? २००९ मध्ये निरोगी माणसांच्या मेंदूचं पेट स्कॅन करून पाहिलं. नेहमीच्या २०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या मात्रेला निम्म्याच्या आसपास ट्रान्सपोर्टर अडवलेले दिसले. हे प्रमाण किरकोळ नाही. जागेपणा राखणाऱ्या हिस्टामिनच्या आणि ओरेक्सिनच्या पेशीही मोडाफिनिलने जाग्या होतात, हे प्राण्यांत दिसलेलं आहे. पण मुळाशी डोपामिनच आहे असं आज बहुतेक जण मानतात, आणि मीही मानतो.

आता ॲम्फेटामिन. ते मोटारीच्या तोंडाशी थांबत नाही. त्याची ठेवण डोपामिनसारखी असल्याने ट्रान्सपोर्टर त्यालाच डोपामिन समजून आत ओढून घेतो. पेशीच्या आत डोपामिन लहान लहान पुटिकांमध्ये भरून ठेवलेलं असतं. ॲम्फेटामिन त्या पुटिका रिकाम्या करायला लावतं. पेशीत डोपामिन मोकळं पसरतं, आणि मग ट्रान्सपोर्टर उलटा चालू लागतो. आत ओढण्याऐवजी तो बाहेर फेकू लागतो. म्हणजे मोटार उलटी फिरली आणि टाकीही फुटली. शरीराला सावध करणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाच्या पेशींतही हेच घडतं. म्हणून छाती धडधडते, रक्तदाब चढतो, तोंड कोरडं पडतं, भूक मरते.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा फरक इथे आहे. मोडाफिनिलच्या बाबतीत डोपामिन सोडायचं की नाही हे पेशीच ठरवते. पेशी गप्प असेल तर अडवायला फारसं काही नसतं, म्हणून परिणामाला आपसूक मर्यादा राहते. ॲम्फेटामिन पेशीला विचारतच नाही. पेशी उत्तेजित असो वा नसो, आतला साठा बाहेर ओतला जातो. त्यामुळे डोपामिनची पातळी एकदम उसळते. ती उसळीच माणसाला आवडते, आणि पुन्हा हवीशी वाटते. साठा उतरला की माणूस कोसळतो. उंदरांना ॲम्फेटामिनचाच जवळचा प्रकार असलेलं मेथॲम्फेटामिन देऊन जागवलं, तर ते जागेपणी सैरावैरा धावतात आणि औषध उतरल्यावर नेहमीपेक्षा खूप जास्त झोपतात. मोडाफिनिलने तेवढाच वेळ जागवलेले उंदीर शांत असतात, आणि नंतरची ती जादा झोप त्यांच्यात दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना मेथॲम्फेटामिनच्या गोळ्या वाटल्या होत्या. आपल्याकडे ॲम्फेटामिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, ते याच कारणांमुळे.

मग मोडाफिनिलची सवय लागतच नाही का? कमी लागते, पण लागतच नाही असं म्हणता येणार नाही. निम्मे ट्रान्सपोर्टर अडतात, म्हणजे डोपामिन वाढतंच. मात्र गोळी पोटातून सावकाश रक्तात जाते आणि शिखर गाठायला दोन ते चार तास घेते. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे टोचून घेता येत नाही. नशा चढण्यात वेगाला फार महत्त्व असतं, आणि तो वेगच इथे नाही. तरी ज्याला पूर्वी कुठल्याही व्यसनाचा त्रास झालाय, त्याने हे डॉक्टरला आधीच सांगावं.

आता प्रत्यक्ष पाळीकडे वळू. समजा, एक नर्सताई रात्री १० ते सकाळी ६ अशी पाळी करतात. पाळीत जागं राहण्यासाठी मोडाफिनिल दिलं, तर नेहमीची मात्रा २०० मिलिग्रॅम, पाळीच्या साधारण एक तास आधी. ताईंनी ९ वाजता गोळी घेतली. ११ ते १ च्या दरम्यान रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त असेल. हे औषध निम्मं व्हायला १२ ते १५ तास लागतात. १२ धरले, तर सकाळी ९ वाजता अंगात अजून १०० मिलिग्रॅमइतकं औषध आहे. आता हाच हिशेब वेगळा मांडू. ताईंना वाटलं, आधी कशाला घ्यायची, झोप आली की बघू. पहाटे ३ वाजता डोळे मिटू लागले तेव्हा त्यांनी गोळी घेतली. शिखर ५ ते ७ ला, म्हणजे पाळी संपताना. सकाळी ९ वाजता, झोपायच्या वेळी, अंगात ढोबळमानाने १४० मिलिग्रॅम. त्यात मे महिना, बाहेर ४५ अंश, कूलर गरम हवा फेकतोय. झोप कुठून येणार? मग दुसऱ्या रात्री पुन्हा गोळी. माझ्याकडे येणाऱ्यांत "गोळी लागू पडत नाही" म्हणणारे काही जण असे वेळ चुकलेले असतात.

वेळ पाळली तर किती फायदा होतो? रात्रपाळीमुळे झोपेचा विकार जडलेल्या २०९ जणांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री त्यांना अंधारात आडवं करून झोप लागायला किती मिनिटं लागतात ते मोजलं. औषधाआधी सरासरी दोन मिनिटांच्या आसपास. मोडाफिनिलने त्यात सरासरी १.७ मिनिटांची भर पडली, तर नुसत्या साखरेच्या गोळीने ०.३ मिनिटांची. निरोगी माणसाला दिवसा झोप लागायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे गोळी घेऊनही ही माणसं झोपाळूच राहिली. कामात लक्ष तुटण्याचे प्रसंग कमी झाले, हे खरं. घरी परतताना अपघात झाला किंवा थोडक्यात वाचलो असं सांगणारे गोळीच्या गटात २९ टक्के होते, दुसऱ्या गटात ५४ टक्के. हा फायदा मी अजिबात कमी लेखत नाही. पण गोळी घेऊनही दहातले जवळजवळ तीन जण त्या वाटेवरून गेलेच. एक चांगली गोष्ट अशी की, पाळीच्या आधी घेतलेल्या गोळीने त्यांची दिवसाची झोप बिघडली नाही.

असं का होतं? झोप दोन गोष्टींनी येते. एक शरीराचं घड्याळ, ते पहाटे ३ ते ५ ला आपल्याला खाली ओढतं. दुसरी, जागं असताना मेंदूत साचत जाणारं ॲडिनोसिन हे रसायन. मोडाफिनिल ॲडिनोसिन काढून टाकत नाही आणि घड्याळही सरकवत नाही. ते जागेपणाच्या बाजूला थोडं वजन टाकतं, इतकंच. झोपेची उधारी तशीच राहते. त्यात एक धोकाही आहे. मोडाफिनिल घेतलेल्या माणसाला आपण प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा जास्त सावध आहोत असं वाटू शकतं. म्हणून स्वतःच्या वाटण्यावर न जाता खुणांवर लक्ष ठेवा. मागचा सिग्नल कुठल्या रंगाचा होता ते आठवत नाही, एकच ओळ तीनदा वाचली जाते, मान एकदम खाली जाऊन झटक्याने वर येते. मान खाली गेली, म्हणजे काही सेकंद तुम्ही झोपलेले होता. त्या क्षणी गोळीने काय केलंय हा विचार सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

त्रासांबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या सांगितल्या जात नाहीत. डोकेदुखी तर सगळ्यांना माहीत आहे. पण अंगावर पुरळ उठलं, आणि त्यातही तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले किंवा ताप आला, तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठायचा. हा प्रकार क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो. दुसरी गोष्ट इथल्या लेकीसुनांसाठी. मोडाफिनिल यकृतातलं एक विकर वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर पुढचा महिनाभर दुसरा उपाय वापरावा लागतो. गरोदरपणात ही गोळी घ्यायची नाही.

मघाशी एका लोको पायलट भाऊंनी विचारलं, याहून नवीन काही आलंय का. आलंय. पिटोलिसंट नावाचं औषध डोपामिनच्या वाटेला जात नाही, ते हिस्टामिनवरचा लगाम सैल करतं. सोलरियमफेटॉल डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दोन्हींचं परत ओढणं अडवतं. पण ही औषधं मुख्यतः नार्कोलेप्सीसारख्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येणाऱ्या आजारांसाठी आहेत. खुद्द मोडाफिनिलही युरोपात २०११ पासून फक्त नार्कोलेप्सीसाठीच द्यायचं ठरलं. रात्रपाळीसाठी त्याचा फायदा जोखमीच्या मानाने पुरेसा नाही, असं तिथल्या नियामकांचं मत पडलं. अमेरिकेत रात्रपाळीची परवानगी आजही आहे.

भाऊंनी पुढे असंही सांगितलं की वहिनी म्हणतात, हे झोपेत मोठ्याने घोरतात आणि मधेच श्वास थांबतो. भाऊ, तुमच्या बाबतीत गोळीचा विचार नंतर. आधी झोपेची तपासणी करा. हा स्लीप ॲप्निया असू शकतो. त्यात श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू खडबडून जागा होतो, आणि रात्रीतून हे शेकडो वेळा घडू शकतं. तिथे मोडाफिनिल दिलं तर दिवसाची गुंगी थोडी झाकली जाईल, श्वास मात्र तसाच अडत राहील. श्वासनलिका उघडी ठेवणारं सीपॅप मशीन हा त्यावरचा खरा इलाज. ते नीट लावूनही गुंगी उरली, तरच मशीनच्या जोडीला मोडाफिनिलचा विचार करतात. वहिनींना सांगा, तुमच्या घोरण्याचा मोबाईलवर एक व्हिडिओ काढून ठेवायचा, आणि येताना तो घेऊन या.