१४० बागांपैकी ४९: प्रमाण त्रुटी लहान कधी होते?

पडद्यावर दिसतोय तो मोबाइलवर काढलेला फोटो आहे. वहीचं पान वाकडं आलंय, उजवीकडे अंगठ्याची सावली पडली आहे. तरी वाचता येतं. गणित असं: निफाड तालुक्यातल्या एका गावात द्राक्षाच्या १४० बागा आहेत. त्यांतल्या ४९ बागा चिठ्ठ्या टाकून, एकदा निघालेली चिठ्ठी परत न टाकता, निवडल्या. या ४९ बागांचं सरासरी उत्पादन एकरी ९८ क्विंटल आणि नमुन्यातलं प्रमाण विचलन २१ क्विंटल. सरासरीची प्रमाण त्रुटी काढा. खाली पेन्सिलने उत्तर लिहिलंय: २१ भागिले ७, म्हणजे ३ क्विंटल.

भागाकार बरोबर आहे, पण या उत्तरात १४० हा आकडा वापरलेलाच नाही. गावात १४० ऐवजी १४ हजार बागा असत्या, तरी हेच ३ आलं असतं. उलट गावात फक्त ४९ बागा असत्या आणि आपण सगळ्याच पाहिल्या असत्या, तरीही सूत्राने ३ क्विंटलच त्रुटी सांगितली असती. सगळ्या बागा मोजून झाल्यावर सरासरीत नमुन्यामुळे येणारी चूक उरेल कुठून? ती शून्यच हवी. s/√n हे सूत्र समष्टी नमुन्याच्या मानाने अवाढव्य आहे असं गृहीत धरतं. इथे तर आपण ३५ टक्के समष्टी उचलली आहे.

दुरुस्तीचं सूत्र पाठ करण्याआधी चूक नेमकी कशात आहे ते पाहू. सोयीसाठी प्रत्येक बाग एक एकराची धरा. ४९ बागांचं उत्पादन आपल्याला माहीत आहे, त्यात अंदाज काहीच नाही. न पाहिलेल्या बागा ९१. गावाची बेरीज सांगताना आपण या ९१ बागांनाही ९८ क्विंटल लावतो. म्हणजे सगळी चूक एवढ्या ९१ बागांपुरतीच आहे, आणि ती ‘पाहिलेल्यांची सरासरी वजा न पाहिलेल्यांची सरासरी’ या फरकाच्या ९१ पट.

या फरकाचं प्रसरण s² × (१/४९ + १/९१) इतकं येतं. कंसातली बेरीज ०.०३१४, तिचं वर्गमूळ ०.१७७२. त्याला २१ ने गुणलं की फरकाची प्रमाण त्रुटी ३.७२ क्विंटल. ती ९१ पट केली की गावाच्या एकूण उत्पादनातली त्रुटी साधारण ३३९ क्विंटल, आणि १४० ने भागली की सरासरीतली त्रुटी २.४२ क्विंटल. बैजिक रूपात हीच आकडेमोड आवरली की सूत्र हातात येतं:

```
SE = (s / √n) × √(1 − n/N)
   = (21 / 7) × √(1 − 49/140)
   = 3 × √0.65
   = 2.42
```

या √(1 − n/N) ला सांत समष्टी दुरुस्ती म्हणतात. वर्गात सगळे एफपीसी म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

आता फोटोतली दुसरी अडचण. अंगठ्याच्या सावलीत समासात कुणीतरी √((N − n)/(N − 1)) असं सूत्र खरडलंय. मग खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत, पण प्रत्येकाचा जोडीदार वेगळा आहे. N − 1 असलेलं सूत्र σ सोबत जातं, म्हणजे अख्ख्या समष्टीचं, N ने भागून काढलेलं प्रमाण विचलन. 1 − n/N हे सूत्र एकने कमी भाजकाच्या विचलनासोबत जातं. नमुन्यातून n − 1 ने भागून काढलेला s त्याच जातीचा.

हे घरी हाताने पडताळता येतं. समष्टी घ्या चार आकड्यांची: २, ४, ६, ८. त्यातून दोन-दोनचे सहा नमुने निघतात. त्यांच्या सरासऱ्या ३, ४, ५, ५, ६, ७. खरी सरासरी ५. फरकांच्या वर्गांची बेरीज १०, भागिले ६, म्हणजे प्रसरण १.६७. आता सूत्रं लावा. चारने भागून σ² = ५; ५/२ गुणिले २/३ केलं की १.६७. तीनने भागून S² = ६.६७, ६.६७/२ गुणिले १/२ केलं की पुन्हा १.६७. जोड्या बदलल्या की मात्र एकीकडे २.२२ येतं, दुसरीकडे १.२५. दोन्ही चूक.

आपल्या बागांच्या गणितात ही अदलाबदल केली तर २.४२ च्या जागी २.४३ येतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. N जितका लहान, तितका हा फरक वाढत जातो. तेव्हा कॅल्क्युलेटरवर कोणतं बटण दाबलं ते आधी बघा, एक्सेलमध्ये STDEV.S हे n − 1 वालं आणि STDEV.P हे n वालं.

फोटोतला पुढचा प्रश्न ९५ टक्के विश्वास अंतराळाचा आहे. स्वातंत्र्याची मात्रा ४८, त्यासाठी t चं मूल्य २.०१. दुरुस्तीशिवाय ९८ ± ६.०, दुरुस्तीसह ९८ ± ४.९. म्हणजे ९२ ते १०४ ऐवजी ९३.१ ते १०२.९. एफपीसी t मध्ये कुठेही घालायची नाही, ती फक्त प्रमाण त्रुटीला लागते. काही जण s लाच गुणून ‘सुधारित विचलन’ लिहितात. शेवटचा आकडा तोच येतो, पण बागा-बागांमधली तफावत कमी झाली असा चुकीचा अर्थ लागतो. बागा तेवढ्याच वेगवेगळ्या आहेत.

पाच टक्क्यांचा नियम सगळ्यांना माहीत असतो: n/N पाच टक्क्यांच्या आत असेल तर एफपीसी सोडून द्या. कारण साधं आहे. ०.९५ चं वर्गमूळ ०.९७५, म्हणजे त्रुटी अडीच टक्क्यांनीच घटते. सोडून दिली तर अंतराळ थोडं रुंद राहतं, खोटं ठरत नाही. उलट चूक जास्त महाग पडते: दुरुस्ती लागू नसताना लावली की अंतराळ उगाच अरुंद होतं.

असं कधी होतं? समजा चिठ्ठीत ७० बागा निघाल्या, पण २१ बागायतदारांनी माहिती दिली नाही आणि हातात ४९ उरल्या. आकडे तेच, सूत्र २.४२ च सांगणार. पण माहिती न देणाऱ्यांत गारपिटीत सापडलेल्या बागा जास्त असतील, तर ९८ हीच सरासरी फुगलेली आहे. n हा १४० च्या जितका जवळ, तितकी एफपीसी त्रुटी छोटी दाखवते, आणि हा फुगवटा मात्र तिला दिसतच नाही.

पानावरचा शेवटचा प्रश्न अर्धा कापला गेलाय, पण कळतो: याच आकड्यांवरून पुढच्या हंगामाच्या सरासरीबद्दल अंतराळ सांगा. इथे एफपीसी काढून टाकायची. पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचं पीक या १४० नोंदींत नाही, आणि यंदा सगळ्या १४० बागा मोजल्या असत्या तरी ते कळलं नसतं. पेन्सिलने लिहिलेले ३ क्विंटलही इथे कमीच पडतात, कारण पाऊस, थंडी आणि डाऊनी रोग दर वर्षी सगळ्या बागांना एकदमच वर किंवा खाली नेतात, आणि एका हंगामाच्या s मध्ये ती तफावत उतरतच नाही. त्यासाठी निदान काही हंगामांचे आकडे लागतील.