माणिक, काच आणि एका डबीतला जोड

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या खड्याचा फोटो समोर आला, तर तो खडा खरा आहे की काचेचा, हे त्या फोटोवरून कितपत सांगता येते, या विषयावर आज बोलायचे आहे. फोटोत पाहण्याजोग्या गोष्टी तीन: खड्याच्या पोटात काय दिसते, पैलू कसे पाडले आहेत आणि वापराने पृष्ठभागाची झीज कशी झाली आहे. पोट, पैलू आणि झीज, एवढेच तीन शब्द ध्यानात ठेवा. रंग आणि चमक या दोन गोष्टी मी मुद्दाम वगळल्या आहेत, कारण रंग काचेला हवा तसा देता येतो आणि चमक कॅमेराच स्वतःच्या मनाने वाढवतो. फोटो आपोआप सुंदर करण्याची ही सोय ज्याने शोधली, त्याने खडे पाहणाऱ्यांचा विचार केलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे मला नीट उमगले ते माझ्या मावशीमुळे. तिच्याकडे सासूबाईंच्या कानांतला एक जोड आहे. प्रत्येक कानात लंबगोल लाल खडा, कोंदण मागून उघडे. एकदा तिने दोन्ही खड्यांचा एकत्र फोटो पाठवला आणि लगोलग फोन केला. "अरे, यातला एक खडा कधीतरी पडला होता म्हणे, आणि त्याच्या जागी दुसरा बसवून घेतला होता. मला वाटतं, उजवीकडचा नंतरचा असणार. डावीकडचा बघ किती जुना दिसतो, आणि उजवीकडच्याच्या आत तर कचरा आहे."

मावशीचे निरीक्षण अचूक होते. डावीकडच्या खड्याच्या पैलूंच्या कडा बोथट झाल्या होत्या, माथ्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे होते आणि एका कडेचा टवका उडालेला होता. उजवीकडचा मात्र काल पैलू पाडल्यासारखा धारदार होता आणि त्याच्या आत एका बाजूला धुरकट पट्टा होता. निरीक्षण अचूक असले, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा असण्याची शक्यता होती, म्हणून मी तिला आणखी चार फोटो काढायला सांगितले.

ते चार फोटो कसे काढायचे, हे सांगतो, कारण कोणत्याही खड्यासाठी ते असेच लागतात. पहिला फोटो समोरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. दुसरा खडा थोडा कलता धरून, उजेड माथ्याच्या सपाट पैलूवरून परावर्तित होऊन डोळ्यांत येईल असा, म्हणजे पृष्ठभागावरचे ओरखडे उठून दिसतात. तिसरा मागच्या बाजूने. चौथा गडद कापडावर ठेवून, बाजूने टॉर्चचा उजेड आत सोडून, कारण पोटातल्या गोष्टी दिसतात त्या अशाच उजेडात. फोनच्या कॅमेऱ्यापुढे दहापट मोठे दाखवणारे भिंग धरले, तर हे चारही फोटो कामाचे होतात. फोटो मूळ आकारात पाठवायचा, हे मावशीला दोनदा सांगावे लागले. संदेशातून दाबून लहान केलेल्या फोटोत सर्वांत आधी बारीक तपशील नाहीसे होतात, आणि आपल्याला तर बारीक तपशीलच हवे असतात.

फोटो आले. डावीकडच्या, म्हणजे जुन्या दिसणाऱ्या खड्याच्या पोटात दोन ठिपके होते. अगदी गोल, कडा काळसर आणि मध्ये प्रकाशाचा एक बिंदू. वायूचा बुडबुडा असाच दिसतो. पण गोल ठिपका दिसला की बुडबुडाच म्हणायचे, ही चूक मी स्वतः पूर्वी केलेली आहे. म्हणून मावशीला खडा ओलसर मऊ कापडाने पुसून पुन्हा फोटो घ्यायला सांगितले, कारण पृष्ठभागावरचा धुळीचा कण पुसल्यावर जातो किंवा जागा बदलतो. मग खडा जरासा कलवून आणखी एक फोटो घेतला. पृष्ठभागावरचा ठिपका कलवल्यानंतरही ज्या पैलूवर असेल त्याच पैलूवर राहतो, तर आतला ठिपका पैलूच्या कडेच्या तुलनेत सरकलेला दिसतो. मावशीच्या फोटोतले दोन्ही ठिपके पुसूनही राहिले आणि कलवल्यावर सरकले. ते आतलेच होते. आणखी एक गंमत अशी की मागच्या पैलूंमध्ये प्रतिबिंब पडल्यामुळे एकच बुडबुडा चार-पाच ठिकाणी दिसू शकतो, त्यामुळे बुडबुडे मोजत बसण्यात अर्थ नसतो.

आता कोणी म्हणेल, बुडबुडा सापडला, म्हणजे काच ठरली. येथेच थोडे थांबावे लागते. ओग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ज्वालेत माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली, आणि त्या पद्धतीने केलेल्या कृत्रिम माणकांतही गोल बुडबुडे असू शकतात. ते माणिक कृत्रिम असते, पण काच नसते. रासायनिक दृष्ट्या आणि काठिण्याच्या दृष्टीने ते माणिकच असते. म्हणजे बुडबुड्याने काचेचा संशय घेता येतो, पण निकाल देता येत नाही. निकालासाठी पोटाची साक्ष झिजेच्या साक्षीशी जुळवून पाहावी लागते.

मग आम्ही मागच्या बाजूचा फोटो पाहिला. डावीकडच्या खड्याचा वरचा भाग घासून सपाट केलेला होता, पण मागचे पैलू वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे होते, म्हणजे जिथे दोन पैलू मिळतात तिथे रेघ नव्हती, गोलाई होती. शिवाय त्या पैलूंचा मधला भाग किंचित खोलगट होता. वितळलेली काच साच्यात दाबली की थंड होताना आकसते, त्यामुळे पैलू मध्ये खचतात आणि कडा गोल राहतात. खर्च वाचवण्यासाठी पुष्कळदा फक्त समोरची बाजू घासून चकचकीत करतात आणि मागची साच्यातून निघाली तशीच ठेवतात. पैलू खचलेला आहे की सपाट, हे फोटोत पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे त्यात खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब पडू द्यायचे. सपाट पैलूत चौकटीची कड सरळ दिसते, खचलेल्या पैलूत ती वाकते. मावशीच्या फोटोत ती धनुष्यासारखी वाकली होती.

येथे एक गैरसमज दूर करतो. उजवीकडच्या खड्याचे पैलू सारखे नव्हते, एक बाजू जाड होती आणि मागचे टोक मध्यापासून सरकलेले होते. मावशीला तेही खोटेपणाचे लक्षण वाटले होते. पण महाग कच्चा खडा कापणारा कारागीर वजन वाचवण्यासाठी पुष्कळदा प्रमाणबद्धतेवर पाणी सोडतो. काच स्वस्त असते, तिचे वजन वाचवण्याचे कोणालाच कारण नसते. म्हणून पैलू वेडेवाकडे आहेत का, हा प्रश्न नाही. पैलूंच्या कडा धारदार आहेत का, हा प्रश्न आहे. पुन्हा सांगतो, आकार नव्हे, कड पाहायची. आणि जाहिरातींत "निर्दोष खडा" असे अभिमानाने लिहिलेले असते, तेव्हा मला काचेचीच आठवण होते, हेही जाता जाता सांगून टाकतो.

उजवीकडच्या खड्यातला कचरा काय होता, ते टॉर्चच्या उजेडातल्या फोटोत कळले. तो धुरकट पट्टा म्हणजे केसापेक्षाही बारीक सुयांचा समूह होता, आणि त्या सुया तीन दिशांनी जाऊन एकमेकींना साठ अंशांच्या कोनात छेदत होत्या. या सुया रूटाइल नावाच्या खनिजाच्या असतात आणि जाणकार त्यांना रेशीम म्हणतात. माणकाच्या स्फटिकाची रचना षट्कोनी असते आणि सुया त्या रचनेला धरून वाढतात, म्हणून त्यांच्या कोनाला शिस्त असते. काचेला स्फटिकरचनाच नसते, त्यामुळे तिच्या पोटात अशी शिस्त येत नाही. तिथे फार तर पाकात रंग ढवळल्यासारख्या वाहत्या, वळणदार रेषा दिसतात.

राहिला प्रश्न झिजेचा. दुसरा खडा बसवल्यापासून दोन्ही खडे एकत्रच, तेवढेच वापरलेले होते. मग एकाच्या कडा बोथट आणि दुसऱ्याच्या धारदार कशा? काठिण्याच्या मोस मापावर माणिक 9 वर असते. काच 5 ते 6 च्या आसपास. घरातल्या धुळीत गारेचे बारीक कण असतात आणि गारेचे काठिण्य 7, म्हणून कोरड्या कपड्याने काच पुसली की ती दर वेळी थोडी घासली जाते, माणकावर मात्र त्या धुळीचा काही परिणाम होत नाही. मी मावशीला विचारले, "हा जोड ठेवतेस कसा?"

"कसा म्हणजे? दोन्ही एकाच डबीत, कायमचे."

म्हणजे धूळ तर होतीच, पण त्याहून जास्त नासधूस खऱ्या माणकाने केली होती. डबी हलली की ते शेजारच्या काचेला ओरबाडत होते. नंतर बसवलेला खडा म्हाताऱ्यासारखा दिसत होता, आणि मूळचा, वयाने मोठा असलेला, कोवळा. बुडबुडे आणि बोथट कडा एकत्र आल्यामुळे डावीकडचा खडा कृत्रिम माणिकही असू शकत नव्हता, कारण त्याच डबीत कृत्रिम माणकाच्या कडा इतक्या झिजल्या नसत्या.

ही कसोटी उलट्या बाजूने वापरू नका. कडा धारदार असल्या म्हणजे खडा खरा, असे ठरत नाही, कारण नवी, घासून पैलू पाडलेली आणि कधी न वापरलेली काचही धारदार असते. झीज दिसली तर ती बोलते, न दिसली तर ती काहीच बोलत नाही. तसेच माणिक हिऱ्यांबरोबर एकाच डबीत राहिले, तर तेही झिजते.

अखेरीस मावशीने दोन्ही खडे रत्नपरीक्षकाकडे नेले, कारण खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा, म्हणजे अपवर्तनांक, फोटोत मोजता येत नाही. यंत्रावर उजवीकडच्या खड्याने 1.762 आणि 1.770 असे दोन आकडे दाखवले, जे माणकाचे आहेत. डावीकडच्याने एकच आकडा दाखवला, 1.6 च्या जवळ, आणि ओरखड्यांमुळे तीही रेषा धूसर होती. मावशीने जोड मोडला नाही. डबी मात्र आता दोन आहेत.