एकास बारा, बारा टक्के आणि बारा अंश

नमस्कार. आयोजकांनी चढ मोजायचे टक्के, गुणोत्तर आणि अंश असं तिन्ही सांगायला वेळ दिलाय, पण आधी मला ठाण्यातल्या एका सोसायटीचा रॅम्प सांगायचाय, कारण तो मनातून जातच नाही.

जोतं ४५ सेंटीमीटर उंच, तीन पायऱ्या, आणि एका आजींच्या व्हीलचेअरसाठी रॅम्प हवा होता. ड्रॉइंगवर १:१२ लिहिलेलं, म्हणजे १ उंचीला आडवं अंतर १२. सरळ हिशोब, ४५ गुणिले १२, ५४० सेंटीमीटर, साडेपाच मीटरच्या जवळपास जागा लागणार. कंत्राटदाराने काय केलं, तर मोबाईलवरचं कोन मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि १२ अंशावर काँक्रीट ओतलं. रॅम्प झाला साधारण २१२ सेंटीमीटरचा! बघायला सुबक, पण आजींच्या मुलाला खुर्ची वर ढकलवेना आणि उतरताना खुर्ची आवरेना. विचारलं तर म्हणे, साहेब, बाराच ठेवलाय की. बारा ठेवला हो, पण १२ अंश म्हणजे २१ टक्क्यांच्या वर, जवळजवळ १:४.७. आणि १:१२ म्हणजे फक्त ८.३३ टक्के, पावणेपाच अंश. बारा टक्के धरले असते तरी १:८.३ आलं असतं, तेही खुर्चीला जडच.

आणि यातली खरी मेख अशी की टक्के नि अंश वाढले की चढ वाढतो, पण गुणोत्तरातला दुसरा आकडा वाढला की चढ कमी होतो. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचा चढ १:३७ आहे, म्हणजे २.७ टक्के, दीड अंशाच्या जरासा वर, आणि तेवढ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. सदतीस ऐकून लोकांना वाटतं केवढा कडा असेल!

हं, चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, तर मुद्द्याचं पटापट सांगतो. उंची भागिले आडवं अंतर, गुणिले १००, हे टक्के. १०० ला टक्क्यांनी भागा, गुणोत्तरातला दुसरा आकडा मिळाला. अंश हवेत तर टक्के गुणिले ०.५७, उलट जायचं तर अंश गुणिले १.७५. हे रॅम्प-रस्त्यांच्या चढापुरतं चालतं, पुढे फसतं, कारण ४५ अंशाला टक्के १०० होतात आणि या हिशोबाने ७९च येतात. तिथे उंची भागिले आडवं अंतर करा आणि त्याचं कॅल्क्युलेटरवर `tan⁻¹` घ्या.

मोजायला अ‍ॅपही नको. गवंड्याची एक मीटरची पाणसळ रॅम्पवर चढाच्या दिशेने ठेवा, खालचं टोक उचलत बुडबुडा मधे आणा आणि त्या टोकाखालची फट उभी मोजा. जितके सेंटीमीटर फट, तितके टक्के. १:१२ ला ८.३ यायला हवेत. फक्त एकाच जागी मोजून सोडू नका, वर, मधे आणि खाली तिन्हीकडे लावा, कारण जागा कमी पडली की बरेचदा खालच्या हातभरातच चढ कोंबलेला असतो आणि चाक नेमकं तिथेच अडतं.