गोदामाचा खर्च नेमका कुणाच्या नावावर? एबीसीमध्ये पूल आणि ड्रायव्हर कसे ठरवायचे

नमस्कार. एबीसी म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग, कामानुसार खर्च वाटायची पद्धत. तिच्यातलं गणित सोपं आहे, भागाकार आणि गुणाकार एवढंच. लोक अडतात ते त्याच्या आधी: कुठली कामं एका कॉस्ट पूलमध्ये, म्हणजे एकत्र वाटायच्या खर्चाच्या गठ्ठ्यात घालायची आणि त्या पूलला कुठला ड्रायव्हर लावायचा, म्हणजे तो खर्च कुठल्या मोजणीवर वाटायचा. आज फक्त तेवढंच बघू.

उदाहरणासाठी भिवंडीतलं एक छोटं गोदाम धरा. महिन्याचा खर्च 6 लाख, ग्राहक दोन. पहिला साबणवाला: ठोक माल, मोठ्या ऑर्डरी. दुसरा कॉस्मेटिक्सवाला: ऑनलाइन विक्री, छोटी पार्सलं. रॅकवर साबणाच्या 300 पॅलेट, कॉस्मेटिक्सच्या 100. आजवर सगळा खर्च जागेच्या प्रमाणात वाटला जायचा, म्हणजे साबणवाल्यावर साडेचार लाख आणि कॉस्मेटिक्सवर दीड लाख.

[स्क्रीनवर: भाडं व साठवण 2,00,000 | इनवर्ड 1,20,000 | पिकिंग 1,60,000 | पॅकिंग 1,20,000]

साठवणीला जागा हाच ड्रायव्हर बरोबर आहे. फक्त महिनाअखेरची मोजणी घेऊ नका, महिन्याची सरासरी घ्या. साबणवाल्याचे दीड लाख, दुसऱ्याचे 50 हजार. हा पूल झाला.

आता इनवर्ड. खातं एक, म्हणून पूलही एक, असं बहुतेक जण करतात आणि चूक इथेच होते. इनवर्डच्या माणसांजवळ थोडा वेळ उभे राहा. गाडी उतरवून पॅलेट रॅकवर लावायचं काम पॅलेटच्या संख्येवर चालतं. पण माल तपासून कॉम्प्युटरवर चढवायचं काम पॅलेटवर चालत नाही, ते किती प्रकारचा माल आला यावर चालतं. साबणाच्या 50 पॅलेटवर एकच आयटम असेल, तर नोंद एकच. लिपस्टिकच्या एकाच पॅलेटवर 12 शेड असतील, तर नोंदी 12.

कसोटी अशी: दोन्ही कामांचे आकडे ग्राहकवार मांडा. या महिन्यात पॅलेट आल्या साबणाच्या 500, कॉस्मेटिक्सच्या 100. नोंदी झाल्या 40 आणि 360. एकीकडे साबणवाला भारी, दुसरीकडे अगदी उलटं. प्रमाण असं उलटत असेल तर तो पूल फोडायलाच हवा. समजा, इनवर्डच्या 1 लाख 20 हजारांपैकी 90 हजार उतरवण्याचे आणि 30 हजार नोंदीचे. उतरवण्याचे 90 हजार भागिले 600 पॅलेट, म्हणजे पॅलेटमागे 150 रुपये. नोंदीचे 30 हजार भागिले 400, म्हणजे नोंदीमागे 75. साबणवाल्याचं इनवर्ड 78 हजार, कॉस्मेटिक्सचं 42 हजार. सगळं पॅलेटवर वाटलं असतं, तर कॉस्मेटिक्सवर जेमतेम 20 हजार पडले असते.

पिकिंग आणि पॅकिंगला हीच कसोटी लावा. पिकिंग चालतं ऑर्डरमधल्या ओळींवर, दर आयटमला एक ओळ: 400 आणि 7,600. पॅकिंग चालतं ऑर्डरींवर: 100 आणि 3,900. वेगळे पूल ठेवले तर साबणवाल्यावर 11 हजार येतात. दोन्ही एकत्र करून ओळींवर वाटले तर 14 हजार. फरक 3 हजारांचा. एवढ्यासाठी दर महिन्याला आणखी एक मोजणी करण्यात अर्थ नाही, हा पूल एकत्रच ठेवा. उद्या मोठ्या प्रमाणात दहा-दहा ओळींच्या ऑर्डरी देणारा तिसरा ग्राहक आला, तर मात्र पुन्हा तपासा.

पण थांबा, या पूलमध्ये खरी गडबड वेगळीच आहे. ओळ मोजली की आपण गृहीत धरतो की प्रत्येक ओळीला सारखेच कष्ट पडतात. साबणाची एक ओळ म्हणजे 30 खोकी ट्रॉलीवर चढवणं, कॉस्मेटिक्सची एक ओळ म्हणजे खणातून एक डबी उचलणं. म्हणून दोन्हींच्या वीस-पंचवीस ऑर्डरी घड्याळ लावून बघा, माल काढण्यापासून पॅक होईपर्यंत. समजा, साबणाच्या ओळीला सरासरी 6 मिनिटं लागली आणि कॉस्मेटिक्सच्या ओळीला 2.

[स्क्रीनवर: 400 × 6 = 2,400 मिनिटं | 7,600 × 2 = 15,200 मिनिटं]

आता पिकिंग-पॅकिंगचे 2 लाख 80 हजार रुपये या मिनिटांच्या प्रमाणात वाटा. साबणवाल्यावर 14 नव्हे, सुमारे 38 हजार येतात. बघा, पूल फोडल्याने 3 हजारांचा फरक पडत होता, ड्रायव्हर सुधारल्याने 24 हजारांचा पडला. म्हणूनच माझा आग्रह असतो: पूल वाढवण्याआधी ड्रायव्हरचं एकक सगळीकडे सारखं आहे का, ते बघा. मिनिटं रोज मोजायची नाहीत. प्रमाण एकदा ठरवायचं, ओळी सॉफ्टवेअरमधून घ्यायच्या आणि गुणायचं. रॅकची मांडणी किंवा पॅकिंगची पद्धत बदलली की घड्याळ परत लावायचं.

एकूण बेरीज: साबणवाला सुमारे 2 लाख 66 हजार, कॉस्मेटिक्सवाला सुमारे 3 लाख 34 हजार. कॉस्मेटिक्सवाल्याला नवा दर सांगताना सरसकट वाढ मागू नका. ओळीमागे साधारण 32 रुपये आणि नोंदीमागे 75, असा तुटक दर द्या. त्याने एका पॅलेटवर कमी शेड पाठवल्या, तर नोंदींचं त्याचं बिल कमी होईल आणि तुमच्या माणसांचा तेवढा वेळही मोकळा होईल.